वाय-फायचं नाव बदललं तरी जुनं नाव परत येतं? घरात कुठे कुठे बघायचं

आधी लक्षणं सांगते. यातलं एक जरी तुमच्या घरी जुळत असेल तर पुढचं वाचा.

- शेजारच्या फोनमध्ये वाय-फायची यादी उघडली की तुमचं आडनाव, फ्लॅट नंबर किंवा घरातल्या कुणाचं नाव दिसतं.
- नाव बदललं होतं, पण यादीत जुनं आणि नवं अशी दोन्ही दिसतात.
- जुन्या नावाला फोन जोडला जातो, पण नेट चालत नाही.
- महिना-दोन महिने सगळं ठीक असतं आणि मग एक दिवस जुनंच नाव परत आलेलं असतं.
- हॉलमधल्या साउंडबारवर भलत्याच कुणाचं गाणं सुरू होतं.
- लोकलमध्ये हॉटस्पॉट चालू केला की पूर्ण नावासकट फोन सगळ्यांना दिसतो.

आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांकडे मी हे इतक्या वेळा निस्तरलंय की आता क्रम पाठ झालाय. बिनखर्चाच्या आणि सोप्या गोष्टी आधी, राउटरच्या आत शिरायचं काम नंतर. मधे मधे डोंबिवलीच्या मावशीच्या घरचं उदाहरण देते, कारण तिच्याकडे जुनं नाव तीनदा परत आलं आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं. तिच्या नेटवर्कचं नाव होतं `Gokhale_B704`. आडनाव आणि फ्लॅट नंबर इथे बदललेत, धाटणी तीच ठेवली आहे.

नावात एवढं काय आहे, असं मावशीनेही विचारलं होतं. राउटर आपलं नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत पुकारत असतो आणि ही पुकार कधीच कुलूपबंद नसते. पासवर्ड कितीही भक्कम असला तरी नाव सगळ्यांसाठी उघडं राहतं. जिन्यातून जाणारा माणूस, खाली उभा असलेला डिलिव्हरीवाला, समोरच्या बिल्डिंगमधलं घर, सगळ्यांना ते वाचता येतं. मावशीकडे त्यापुढचीही साखळी होती. नेट जोडायला आलेल्या मुलाने घाईत नावात आडनाव आणि फ्लॅट टाकला आणि पासवर्ड म्हणून काकांचा मोबाइल नंबर. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर सभासदांची यादी लावलेली आहे, त्यात फ्लॅटपुढे मोबाइल नंबर आहे. म्हणजे वाय-फायच्या नावावरून फ्लॅट, फ्लॅटवरून नंबर आणि तो नंबरच पासवर्ड. कुणाला काही फोडावं लागलंच नसतं.

पहिली तपासणी: दुसऱ्याच्या फोनवरून, दाराबाहेरून

याला पाच मिनिटं लागतात आणि खर्च काहीच नाही. घराबाहेरच्या माणसाचा फोन घ्या, दार लावा, जिन्यात उभं राहा आणि वाय-फायची यादी बघा. मग ब्लूटूथमध्ये नवीन उपकरण जोडायचं पान उघडा आणि मिनिटभर थांबा. जे दिसेल ते कागदावर जसंच्या तसं लिहून घ्या.

स्वतःचा फोन यासाठी चालत नाही. त्यात जुनी नावं साठवलेली असतात. ब्लूटूथला जोडलेल्या वस्तूचं नाव तर तो बऱ्याचदा आठवणीतलंच दाखवतो. तुम्हाला वाटतं नाव बदललं नाही, किंवा उलट, बदललं असं वाटतं आणि शेजाऱ्यांना जुनंच दिसत असतं.

मावशीच्या दाराबाहेर उभं राहिल्यावर कागदावर चार नावं आली: `Gokhale_B704`, `Gokhale_B704_5G`, ब्लूटूथमध्ये `Gokhale Hall` नावाचा साउंडबार आणि मावसबहिणीच्या पूर्ण नावाचा आयफोन. राउटर हा प्रश्नाचा एक भागच होता. म्हणून सगळ्यांना सांगते, की आधी यादी करा आणि मगच हात घाला.

दुसरी तपासणी: फोन आणि लॅपटॉप

आयफोनमध्ये Settings, General, About, Name इथे नाव असतं. हॉटस्पॉट आणि ब्लूटूथलाही हेच नाव जातं, त्यामुळे एकदा बदललं की काम झालं. अँड्रॉइडमध्ये मात्र लोक इथेच फसतात. फोनचं नाव, ब्लूटूथचं नाव आणि हॉटस्पॉटचं नाव या बऱ्याच फोनमध्ये वेगळ्या जागा असतात. About phone मध्ये नाव बदलून माणूस निश्चिंत होतो आणि हॉटस्पॉट जुन्याच नावाने चालू राहतो. तिन्ही जागा उघडून बघा. विंडोजच्या लॅपटॉपवर Settings, System, About मधलं Rename this PC वापरा. ब्लूटूथमध्ये लॅपटॉप याच नावाने ओळखला जातो.

मावसबहीण रोज लोकलने जाते. गाडीत हॉटस्पॉट लावला की तिचं नाव आणि आडनाव अख्ख्या डब्याला वाचता यायचं. पूर्ण नाव हाती लागलं की सोशल मीडियावर माणूस शोधायला कितीसा वेळ लागतो? एका अनोळखी माणसाने तिला फाइल पाठवायचा प्रयत्नही केला होता. म्हणून नावाबरोबर आणखी एक गोष्ट केली. आयफोनवर AirDrop हे Contacts Only वर ठेवलं. अँड्रॉइडवर Quick Share मध्ये Who can share with you अशासारखी जागा असते, तिथे Everyone असेल तर ते बदला.

नवा फोन घेऊन जुन्यातला डेटा आणलात की ही जागा पुन्हा एकदा उघडा. बदललेलं नाव परत आलेलं मी अशा वेळी बरेचदा पाहिलंय.

तिसरी तपासणी: टीव्ही, साउंडबार, गाडी, प्रिंटर

हल्लीचे फोन ब्लूटूथचं पान उघडं असेपर्यंतच इतरांना दिसतात. साउंडबार आणि टीव्ही यांचं तसं नाही. त्यातले कित्येक चालू असेपर्यंत सतत दिसत राहतात आणि कुणी विचारलं की जोडूनही घेतात. मावशीच्या साउंडबारवर वरच्या मजल्यावरच्या मुलाची गाणी वाजत होती ती त्यामुळेच. त्या मुलाची काही चूक नव्हती. त्याच्या घरचा स्पीकरही यादीत शेजारीच दिसत होता, त्याने चुकून दुसऱ्यावर बोट ठेवलं.

इथे एक खोडा आहे आणि त्यात जवळजवळ सगळेच अडकतात. फोनच्या ब्लूटूथ यादीत स्पीकरच्या नावाशेजारी पेन्सिल किंवा दातेरी चाक असतं, तिथे नाव बदलता येतं. पण ते नाव सहसा फक्त तुमच्या फोनपुरतं असतं. स्पीकर बाहेर स्वतःला जुन्याच नावाने पुकारत राहतो. मावशीने हे नाव वर्षापूर्वीच बदललं होतं, तिच्या फोनवर सगळं छान दिसत होतं. खरं नाव बदलायचं तर कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा टीव्हीच्या Settings मधल्या Device name मधून बदलावं लागतं. एअरपॉड्स यात वेगळे आहेत. आयफोनवर बदललेलं नाव त्यांच्यातच जाऊन बसतं, आणि ते बदलायलाच हवं, कारण मूळ नाव मालकाच्या नावावरूनच तयार होतं. शंका आली की पुन्हा दुसऱ्याच्या फोनवरून बघा.

याच्या उलट गोष्ट गाडीत होते. फोनचं नाव बदललं तरी गाडीच्या स्क्रीनवर जुनंच दिसतं, कारण गाडीने ते साठवून ठेवलंय. दोन्हीकडून जोडणी काढून टाका आणि नव्याने जोडा.

प्रिंटरची `DIRECT-` ने सुरू होणारी स्वतःची वाय-फाय पुकार असते. तुम्ही ती वापरत नसाल तर प्रिंटरच्या मेनूतून Wi-Fi Direct बंदच करा.

नवं नाव कसं निवडायचं

राउटरला हात लावण्याआधी नाव ठरवा, नाहीतर स्क्रीनसमोर बसल्यावर घाईत पुन्हा आडनावच टाइप होतं. माझी कसोटी एकच: घरातल्याला झटकन ओळखू यावं आणि जिन्यातल्या माणसाला त्यावरून काहीही कळू नये. आडनाव, फ्लॅट, सोसायटी, गाव, मुलांची नावं, गाडीचा नंबर, जन्मसाल हे सगळं बाद. पेशा सांगणारं नाव बाद, राउटरची कंपनी आणि मॉडेलही बाद. फुलांची नावं सुचतात, पण जाई, जुई, शेवंती ही माणसांचीही नावं आहेत, तेव्हा सांभाळून.

आमच्या घरी मी खाण्याचे पदार्थ घेतले. मावशीकडे `Thalipith38` ठरलं. 38 चा कशाशीच संबंध नाही आणि तो तसा नसणं हेच हवंय. अंक जोडायचं कारण वेगळं आहे. पासवर्डपासून जी किल्ली तयार होते, तिच्यात नेटवर्कचं नावही मिसळलेलं असतं. `home` किंवा `default` अशा सरसकट नावांसाठी लोकांनी अशा किल्ल्यांचे तयार तक्ते करून ठेवलेत. नाव थोडं वेगळं असलं की ते तक्ते निरुपयोगी होतात. पासवर्ड कच्चा असेल तर मात्र नाव तुम्हाला वाचवणार नाही, म्हणून मोबाइल नंबरवाला पासवर्ड त्याच बैठकीत बदला.

देवनागरीत नाव ठेवायची हौस असेल तर हिशोब बघा. नावाला 32 बाइटची जागा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा आणि हलन्तसुद्धा, 3 बाइट खातं. `थालीपीठ` यात सात चिन्हं आहेत, 21 बाइट, बसतं. `शेवंतीचा वाफा` 37 बाइट होतं, बसत नाही. शिवाय जुने टीव्ही आणि प्रिंटर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दाखवतात. म्हणून मी रोमन अक्षरंच वापरते.

शेवटी `_nomap` जोडलं, म्हणजे `Thalipith38_nomap`, तर गूगल आपल्या स्थान ओळखण्याच्या नोंदीत तो राउटर धरत नाही. हे अक्षरशः नावाच्या शेवटीच यायला हवं. मला ते जोडावंसं वाटतं, कारण वाय-फायची नावं आणि त्यांची जागा नकाशावर नोंदवणारी WiGLE सारखी उघडी संकेतस्थळंही आहेत. अगदीच एकमेव असं नाव कुणी तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये वाचलं, तर तिथे शोधून घर कुठे आहे ते सापडू शकतं. याला मर्यादाही आहे. राउटरचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता नावाबरोबरच हवेत जात असतो आणि नाव बदलल्याने तो बदलत नाही.

नाव लपवून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. तो ऐकू नका. लपवलेल्या नेटवर्कसाठी फोन जाईल तिथे ‘अमुक नाव इथे आहे का’ असं विचारत फिरू शकतो. घरापुरतं असलेलं नाव मग ठाणे स्टेशनवरही पुकारलं जातं.

चौथी तपासणी: राउटर

हे काम परीक्षेच्या किंवा ऑफिसच्या कॉलच्या आदल्या तासाला करू नका. नाव बदललं की घरातलं सगळं एका क्षणात सुटतं: टीव्ही, कॅमेरा, गीझरचा स्मार्ट प्लग, सगळं. आधी त्यांची यादी करा. शक्य असेल तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, म्हणजे मधेच संपर्क तुटणार नाही.

विंडोजवर Command Prompt उघडून `ipconfig` दिलं की Default Gateway समोर राउटरचा पत्ता मिळतो, बहुधा `192.168.1.1` सारखा. तो ब्राउझरमध्ये टाका. लॉगिन राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतं. Wireless किंवा WLAN मध्ये SSID म्हणजेच नाव. ही जागा 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ या दोन बँडसाठी वेगवेगळी असते आणि पाहुण्यांसाठीचं Guest नेटवर्क असेल तर तेही निराळं. मावशीकडे पहिल्यांदा नाव ‘परत आलं’ ते इथे. तिच्या भाच्याने 2.4 चं नाव बदललं होतं, 5 चं राहून गेलं. फोनने आपोआप ओळखीचं जुनं नाव पकडलं आणि घरच्यांना वाटलं नाव उलटं फिरलं.

काही राउटरवर Apply दाबून भागत नाही, Save नावाचं वेगळं बटण असतं. ते राहिलं तर वीज जाऊन आली की जुनं नाव परत. बदल झाल्यावर राउटर एकदा बंद करून चालू करा आणि मगच उठा.

पाचवी तपासणी: जुनं नाव नक्की कुठून येतंय

राउटरवर सगळीकडे नवं नाव आहे आणि तरी जुनं दिसतंय, तर घरात दुसरं काहीतरी ते पुकारतंय. लॅपटॉपवर हे चालवा. लोकेशन चालू असू द्या, विंडोज 11 त्याशिवाय यादी देत नाही.

```
netsh wlan show networks mode=bssid
```

मावशीच्या हॉलमध्ये जुन्या नावाखाली एवढंच कामाचं होतं:

```
SSID 4 : Gokhale_B704
    Signal  : 46%
    Channel : 6
```

चॅनल 1 ते 13 म्हणजे 2.4 गिगाहर्ट्झ, 36 आणि पुढचे म्हणजे 5. राउटरचं 2.4 तर चॅनल 11 वर नव्या नावाने चालू होतं, मग 6 वर कोण? लॅपटॉप हातात घेऊन चालत गेले. स्वयंपाकघरात 50, मधल्या खोलीत 70, बेडरूमच्या कपाटाशी 96 टक्के. कपाटामागच्या सॉकेटमध्ये दोन वर्षांपूर्वी लावलेला रेंज वाढवणारा एक्स्टेंडर होता, घरात कुणालाच आठवत नव्हता. राउटरचं नाव बदलल्यावर त्याचा राउटरशी संबंध तुटला, पण जुन्या नावाने पुकारणं त्याने चालू ठेवलं. ‘जोडलंय पण नेट नाही’ हे लक्षण बहुतेक वेळा एक्स्टेंडरचंच असतं. त्याच्या मागचं रीसेट बटण दहा सेकंद दाबून तो नव्या नावाने पुन्हा जोडला. एक्स्टेंडरचं रीसेट बिनधास्त दाबा, त्यात गमवण्यासारखं काही नसतं. राउटरचं नको, ते पुढे सांगते.

सहावी: काही आठवड्यांनी परत येतं

तिसऱ्यांदा नाव परत आलं ते पावसाळ्यात. नेट बंद पडलं, तंत्रज्ञ आला, त्याने डबा बदलला आणि आपल्या नोंदीत होतं तेच जुनं नाव आणि तोच मोबाइल नंबरवाला पासवर्ड टाकून गेला. त्याच्या दृष्टीने ते चांगलंच होतं, घरातल्या वस्तू आपोआप जोडल्या जातील असं त्याला वाटलं. पण मावशीच्या वस्तूंना तोवर नवं नाव माहीत होतं, त्यामुळे त्या सगळ्या सुटल्या आणि बाहेर पुन्हा आडनाव झळकायला लागलं. काही सेवादाते डब्याच्या सेटिंग्ज दूरूनही लिहू शकतात, तेव्हा कुणी घरी न येताही असं होऊ शकतं.

यावर उपाय कागदाचा आहे. नवं नाव आणि पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या कपाटात ठेवा. तंत्रज्ञ आला की ती त्याच्यासमोर धरा आणि तो जाण्याआधी पहिली तपासणी पुन्हा करा. सेवादात्याला फोन करून त्यांच्या नोंदीतलंही नाव बदलून मागा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फायबरच्या डब्याचं लॉगिन चालत नसेल तर टाचणीने रीसेट दाबू नका. नेट चालण्यासाठी लागणारी जोडणीची माहिती त्या डब्यातच असते. ती पुसली गेली की नाव तर बदलत नाहीच, वर नेटही जातं आणि ती माहिती सेवादात्याशिवाय परत मिळत नाही. सरळ तक्रार नोंदवा आणि दोन्ही बँडची नावं बदलून द्या असं स्पष्ट सांगा.

Wireless चं पानच दिसत नसेल किंवा राखाडी असेल, तर ते सेवादात्याने बंद ठेवलंय. तिथे खटपट करण्यात वेळ घालवू नका. दोनदा नीट बदलून, Save करून, डबा बंद-चालू करूनही नाव आठवड्याच्या आत फिरत असेल तर तेही दूरून लिहिलं जात असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते फक्त तेच थांबवू शकतात.

घरातली प्रत्येक वस्तू बंद करूनही तुमच्याच नावाचं नेटवर्क दिसत असेल, तर ते तुमचं नाही. त्याला जोडू नका आणि पासवर्ड मागितला तर देऊ नका. फोनला ते नाव विसरायला लावा, नवं नाव आणि नवा पासवर्ड घ्या. नावावरून ओळख काढून कुणी पाठलाग करत असेल, मेसेज करत असेल किंवा धमकावत असेल, तर मी किंवा राउटरवाला तिथे कामाचे नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा, जवळच्या पोलीस ठाण्यात जा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा.

मावशीकडे आता जिन्यातून फक्त `Thalipith38_nomap` दिसतं, दोन्ही बँडचं तेच एक नाव. फोनना भाज्यांची नावं दिली: मावशीचा `Dodka`, काकांचा `Bhendi`, मावसबहिणीचा `Kakdi`. साउंडबार `Muga` झाला. राउटरच्या पानावर जोडलेल्या वस्तूंची यादी उघडली की मावशी स्वतः एकेक भाजी मोजते, आणि मागच्या आठवड्यात यादीत एक अनोळखी नाव दिसलं तेव्हा तिनेच मला फोन केला. ते नव्या वॉशिंग मशीनचं निघालं.